दामदुप्पट आणि बहात्तर

व्याजावर व्याज हा प्रकार आपल्याकडे आधी ओळखला गेला तो धोका म्हणून. मनुस्मृतीत एकदम वसूल करायचे व्याज मुद्दलाइतके झाले की थांबावे, असा नियम आहे आणि चक्रवाढ नापसंत व्याजांत गणली आहे. हीच दामदुप्पट. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी ती हिंदू ऋणकोंना लागू केली. शंभर रुपये कर्ज घेतलेल्या माणसाकडून एका वेळी व्याजासह दोनशेपेक्षा जास्त मागता येत नसे, मग कर्जाला कितीही वर्षे होवोत.

सावकारांनी या नियमाला फारच साधी वाट काढली. दसादशे २४ टक्क्यांनी, म्हणजे महिना शेकडा दोनाने दिलेले शंभर रुपये सरळ व्याजाने चार वर्षे दोन महिन्यांत दोनशे होतात आणि तिथे अडतात. पण दर वर्षी जुने खत रद्द करून थकलेल्या व्याजासकट नवे खत लिहून घेतले, तर पहिल्या वर्षाअखेर १२४ हेच मुद्दल होते. दुसऱ्या वर्षी १५४, तिसऱ्या वर्षी १९१, आणि चौथ्या वर्षी २३६. मर्यादा मोडली आहे, तरी कागदावर नियम जिवंतच आहे, कारण प्रत्येक नव्या खताबरोबर मुद्दल वाढते आणि त्याची दुप्पटही पुढे सरकते. ऋणकोने अंगठा उठवला की जुने व्याज दिसेनासे होई.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, तेव्हा त्यांचा रोख या खतांवर आणि वह्यांवर होता. पुढे दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. त्यानंतर १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला कर्जाचा हिशेब मुळापासून उकलण्याची मुभा दिली: मुद्दल वेगळे, व्याज वेगळे, आणि मध्येच मुद्दलात मिसळलेले व्याज सहसा मुद्दल धरायचे नाही. माझ्या मते चक्रवाढीचा खरा स्वभाव या कलमाने जितका नेमका पकडला तितका गणिताच्या पुस्तकांनीही पकडलेला नाही. सारा फरक पडतो तो व्याज मुद्दलात मिसळण्याच्या त्या एका क्षणी.

गणितवाले मात्र या विषयाकडे फार आधीच वळले होते. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये, मिळालेले व्याज पुन्हा व्याजाने लावले तर मूळ व्याज कसे काढावे, याची रीत दिली. बहात्तरचा आडाखा छापील रूपात दिसतो तो हजार वर्षांनंतर, १४९४ मध्ये व्हेनिसला निघालेल्या लुका पाचिओलीच्या अंकगणिताच्या ग्रंथात. रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल हे हवे असेल तर ७२ ला व्याजदराने भागा, एवढेच तो सांगतो. का, ते सांगत नाही. नेपियरचे लॉगॅरिदम त्याच्या नंतर शतकाहून अधिक काळाने, १६१४ मध्ये आले. आज आपण उत्तर देऊ शकतो. व्याज क्षणोक्षणी मुद्दलात पडत असेल तर ७२ च्या जागी ६९.३ हवा. वर्षातून एकदाच पडत असेल तर थोडा मोठा आकडा लागतो आणि आठ टक्क्यांच्या आसपास तो जवळजवळ नेमका ७२ येतो. शिवाय ७२ ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ यांनी भाग जातो, म्हणून हिशेब तोंडी होतो. दर फार चढा असेल तर आडाखा थोडा घाई करतो. वरच्या २४ टक्क्यांना तो तीन वर्षे सांगेल, पण तीन वर्षांत १९१ च झाले होते.

जी दुप्पट सावकाराला अडवणारी भिंत होती, तीच पुढे बचत करणाऱ्याला दाखवलेला मुक्काम झाली. १९८८ मध्ये टपाल खात्यातून किसान विकास पत्र निघाले, तेव्हा त्यात पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. ७२ भागिले साडेपाच केले तर दर तेराच्या जरा वर येतो; खरा दर १३.४ टक्के पडत होता. २०११ च्या अखेरीस हे पत्र बंद झाले आणि २०१४ मध्ये शंभर महिन्यांच्या दुपटीने परत आले. १ एप्रिल २०२३ पासून दर साडेसात टक्के झाला आणि मुदत ११५ महिने. ७२ ला ७.५ ने भागा: ९.६ वर्षे, म्हणजे ११५ महिन्यांहून किंचित जास्त. पाचिओलीचा आडाखा सरकारी मुदतीशी जवळजवळ महिन्याबरहुकूम जुळतो.

आता हाच हिशेब जिते या गावात आणू. रेल्वेने पेणच्या अलीकडे लागणारे हे स्टेशन गणपतींच्या कारखान्यांच्या पट्ट्यात येते. समजा, इथल्या दोन बहिणी कारखान्यात डोळ्यांची आखणी करतात आणि हंगाम संपला की हातात रक्कम येते. थोरली वीस ते एकोणतीस या वयात दर वर्षी दहा हजार बाजूला टाकते आणि नंतर एक पैसाही घालत नाही. धाकटी तिशीला सुरू करते आणि साठीपर्यंत दर वर्षी दहा हजार घालत राहते. सोय म्हणून दोघींचा दर ७.२ धरू, म्हणजे दहा वर्षांत दुप्पट.

तिशीला थोरलीचे एक लाखाचे सुमारे दीड लाख झालेले असतात. चाळिशीला तीन, पन्नाशीला सहा, साठीला बारा लाख. धाकटीने तीन लाख घातले, म्हणजे तिप्पट, आणि साठीला तिच्याकडे साडेदहा लाख आहेत. इथे नीट पाहण्यासारखे काय आहे? थोरलीची पहिली दुप्पट फक्त दीड लाखाची होती, शेवटची सहा लाखांची. दहा वर्षे उशीर करणाऱ्याला वाटते की आपली सुरुवातीची किरकोळ वर्षे गेली. प्रत्यक्षात हिशेबातून गळते ती शेवटची दुप्पट, सर्वांत मोठी.

या हिशेबात दोन गोष्टी गृहीत आहेत. चाळीस वर्षे एकच दर कोणी लिहून देत नाही. मुदत संपली की पैसे त्या वेळच्या दराने पुन्हा गुंतवावे लागतात, आणि ते तसेच पडून राहिले तर जुना दर पुढे चालत नाही. दुसरे, महागाईलाही बहात्तरच लागू आहे. भाव वर्षाला सहा टक्क्यांनी चढत राहिले, तर बारा वर्षांत दुप्पट होतात. बारा लाखांचे मोल साठीला आजच्या बारा लाखांइतके नसेल.

आणि या सगळ्याच्या आधी मुद्दल जागेवर राहायला हवे. पेण तालुक्याला हे सांगण्याची गरज नाही. २०१० मध्ये पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि असंख्य ठेवीदारांचे आयुष्यभराचे पैसे अडकले. बँकेतल्या ठेवींना विमा आहे, सध्या एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंत. त्यापुढची रक्कम एकाच ठिकाणी ठेवू नये.

म्हणून कोणी दारात येऊन “तीन वर्षांत डबल” म्हणाला, तर त्याच्या समोरच ७२ ला तीनाने भागा. चोवीस टक्के येतील. टपाल खाते साडेसात देत असताना हा चोवीस कुठल्या धंद्यातून आणणार, हे त्याला विचारा, आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका.