तुम्ही बोलणं कमी केलं की समोरची व्यक्ती अचानक जवळ का येते?

महिनोन्‌महिने ज्याचं उत्तर चार-चार तासांनी यायचं, तोच माणूस तुम्ही स्वतःहून मेसेज करणं थांबवल्यावर तिसऱ्या दिवशी तीन मिस्ड कॉल देतो. जुन्या फोटोंना लाइक येतात, स्टेटस टाकल्या टाकल्या पाहिलं जातं. इन्स्टाग्रामवरच्या कितीतरी रील्स यावर एकच सल्ला देतात : थोडं दुर्लक्ष करा, आपोआप मागे येतील. मागे येतात हे बऱ्याचदा खरंही असतं. पण त्या मागे येण्यातून नेमकं काय कळतं, याबद्दल या रील्स जे सांगतात ते मात्र बहुतेकदा चुकीचं असतं.

मानसशास्त्रात या वागण्याला ‘एक्स्टिंक्शन बर्स्ट’ म्हणतात. विझणारा दिवा शेवटी मोठा होतो, तसाच हा प्रकार. एखाद्या कृतीनंतर ठरलेलं काहीतरी मिळत असेल आणि ते अचानक मिळेनासं झालं, तर माणूस ती कृती लगेच सोडत नाही. आधी ती जास्त वेळा, जास्त जोराने करून पाहतो. लिफ्टचं बटण लागलं नाही की आपण निघून जात नाही, ते पाच-सहा वेळा दाबतो. त्यात लिफ्टवरचं प्रेम नसतं. नेहमी चालणारी गोष्ट आज चालली नाही, एवढंच असतं.

एका मुलाच्या रडण्याची गोष्ट

या विषयावरचं सर्वाधिक सांगितलं जाणारं उदाहरण प्रेमप्रकरणाचं नाही. ते 21 महिन्यांच्या एका मुलाचं आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ सी. डी. विल्यम्स यांनी 1959 मध्ये ते प्रसिद्ध केलं. आयुष्याचे पहिले दीड वर्ष हा मुलगा आजारी होता, त्यामुळे घरातलं कुणीतरी सतत त्याच्याजवळ असायचं. तब्येत सुधारली तरी सवय राहिली. झोपवून खोलीबाहेर पडलं की तो आकांत करायचा, मग मोठ्यांना परत यावं लागायचं आणि तो झोपेपर्यंत बसावं लागायचं.

शेवटी ठरलं की त्याला नीट झोपवायचं, बाहेर यायचं आणि परत आत जायचं नाही. पहिल्या वेळी तो 45 मिनिटं रडला. नंतर रडणं कमी होत गेलं आणि दहाव्या वेळेपर्यंत पूर्ण थांबलं. पण साधारण आठवड्याने एकदा तो पुन्हा ओरडला, कुरकुरला आणि त्याची मावशी (किंवा आत्या, मूळ इंग्रजी शब्दावरून ते कळत नाही) परत खोलीत जाऊन बसली. एवढ्यावरून आकांत पुन्हा सुरू झाला आणि सगळी प्रक्रिया नव्याने करावी लागली. दुसऱ्यांदा मात्र कुणी मधेच आत गेलं नाही. पुढची दोन वर्षं तसा त्रास झाला नाही, अशी नोंद आहे.

यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे मावशीची ती एक फेरी. प्रतिसाद बंद असताना मधेच एकदा दिला, तर समोरच्याला ‘आता थांबावं’ हे कळत नाही. ‘थोडा जास्त जोर लावला की दार उघडतं’ हे कळतं.

एक मर्यादा इथेच सांगायला हवी. असा भडका प्रत्येक वेळी उडत नाही. डोरोथी लर्मन आणि ब्रायन इवाटा यांनी 1995 मध्ये उपचारांच्या 113 नोंदी तपासल्या, तेव्हा सुरुवातीला वागणं वाढल्याचं साधारण 24 टक्के नोंदींतच दिसलं. तेव्हा तुम्ही मागे सरलात आणि समोरून काहीच आलं नाही, तर ‘म्हणजे त्याला माझं काहीच वाटत नव्हतं’ हा निष्कर्षही घाईचा आहे.

घुग्घुसमधलं एक कल्पित उदाहरण

आता हेच दोन मोठ्या माणसांत कसं दिसतं ते पाहू. समजा, घुग्घुसमध्ये राहणारी एक तरुणी चंद्रपूरला नोकरीसाठी रोज बसने ये-जा करते. तिचा मित्र वेकोलिच्या खाणीत पाळीवर आहे. सहा महिन्यांत पहिला मेसेज बहुतेक वेळा तिनेच केला. भेट त्याला वेळ असेल तेव्हाच. कधी तो खूप मोकळेपणाने बोलतो, कधी दोन दिवस नुसतं ‘हम्म’. कंटाळून ती स्वतःहून मेसेज करणं बंद करते, पण कारण सांगत नाही.

पहिले दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी ‘काहून गायब झालीस?’ चौथ्या दिवशी सकाळी गुड मॉर्निंग, रात्री कॉल. पाचव्या दिवशी तिच्या मैत्रिणीला मेसेज : ‘ती नाराज आहे का माझ्यावर?’ सहाव्या दिवशी ताडोबाला जाऊ या असा बेत, जो त्याने आजवर कधी काढला नव्हता. ती विरघळते, पूर्वीसारखी बोलू लागते. दहा-बारा दिवसांत उत्तरं पुन्हा चार तासांवर जातात आणि ताडोबाचा विषय निघत नाही.

या सहा दिवसांत त्याने एकदाही विचारलं नाही की तिला नेमकं काय खटकलं. त्याची सगळी धडपड एकच प्रश्न सोडवत होती : तिचा प्रतिसाद परत कसा सुरू होईल? तो सुरू झाला आणि धडपड थांबली. तो मुद्दाम खेळवत होता असंही यावरून म्हणता येत नाही. त्या सहा दिवसांत त्याला खरोखर अस्वस्थ वाटत असणार. फक्त ती अस्वस्थता तिच्या गैरहजेरीची होती, नात्यात काय बिघडलं याची नव्हती.

सवय तिलाही लागते, आणि ही बाजू सहसा बोलली जात नाही. आपण मागे सरलो की तो येतो, हे तिलाही कळलेलं असतं. पुढच्या वेळी दुखावल्यावर ती सरळ बोलण्याऐवजी पुन्हा गप्प बसेल, कारण गप्प बसण्याला मोबदला मिळाला आहे. बक्षीस कधी मिळतं, कधी नाही अशी स्थिती असेल तर सवय अधिक चिवट होते, हे प्रयोगांतून माहीत आहे. लॉटरीचं तिकीट घेणारा म्हणूनच थांबत नाही. अधूनमधून उफाळणारं प्रेमही असंच माणसाला धरून ठेवतं. ‘दुर्लक्ष करा, मागे येतील’ हा सल्ला म्हणूनच फसवा आहे. त्याने भडका मिळतो, पण ती युक्ती दर महिन्याला नव्याने वापरावी लागते.

मग खरी ओढ ओळखायची कशी?

आधी साधी कारणं बाजूला काढा. खाणीत, सिमेंट कारखान्यात किंवा वीज केंद्रात काम करणाऱ्याची पाळी बदलते. रातपाळीत असलेला माणूस दुपारभर झोपतो आणि पाळी बदलली की अचानक मोकळा होतो. तुमचं मागे सरणं आणि त्याची पाळी बदलणं एकाच आठवड्यात आलं, तर लक्ष वाढण्याचा तुमच्या गप्प बसण्याशी संबंध नसेलही.

शिवाय काही माणसांना दुरावा खरंच जास्त लागतो. आईपासून दूर ठेवलेली लहान मुलं आधी जोरदार निषेध करतात आणि नंतर खचतात, हे जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी 1950 च्या दशकात दाखवलं. मोठेपणीही ज्यांना सोडून जाण्याची भीती जास्त असते, ते दुरावा जाणवताच सतत फोन करतात. अशा माणसाचे वीस कॉल म्हणजे डाव असेलच असं नाही. तो घाबरलेलाही असू शकतो. दोन्हींत कॉलची संख्या सारखीच दिसते, त्यामुळे कॉल मोजून काही हाती लागत नाही.

वरच्या उदाहरणातल्या तरुणीने गप्प बसण्याऐवजी एकदा असं सांगितलं तर चित्र बदलतं : ‘दर वेळी मीच मेसेज करते याचा मला कंटाळा आलाय. म्हणून कमी बोलतेय.’ आता त्याच्याकडे प्रतिसाद परत मिळवण्यापलीकडची माहिती आहे. ती ऐकून तो अवघडला, उशिरा बोलला, पण ‘माझ्याकडून असं होतं खरं’ म्हणाला आणि पुढच्या आठवड्यांत स्वतःहून मेसेज करू लागला, तर बदल खटकलेल्या जागीच झाला. उलट त्याने ताडोबा, गुलाबाची इमोजी आणि ‘तूच माझं सर्वस्व’ यांचा मारा केला आणि मुद्द्याला हातच लावला नाही, तर मागितलेलं सोडून भलतंच मिळालं.

दुसरी खूण वेळेची. भडका स्वभावतःच आखूड असतो. त्यामुळे सहाव्या दिवसापेक्षा सहावा आठवडा जास्त सांगतो, तोही तुम्ही पूर्वीसारखं बोलू लागल्यानंतरचा. दुरावा संपल्यावर लक्ष किती उरतं, तेवढंच दुराव्याशिवायचं आहे.

‘नको’ म्हटल्यावरही वाढलं तर

इथे विषय बदलतो. कारण न सांगता गप्प झालेल्या माणसाला कुणी शोधणं समजण्यासारखं आहे. पण ‘मला संपर्क नको’ हे स्पष्ट सांगितल्यानंतरही नव्या नंबरवरून कॉल येत असतील, मैत्रिणींकरवी निरोप येत असतील, बस स्टँडवर कुणी रोज उभं राहत असेल, तर त्याला प्रेमाचा पुरावा समजू नये. स्त्रीने नकार स्पष्ट केल्यावरही पुरुषाने वारंवार तिचा पाठलाग करणं, संपर्क साधणं किंवा तिच्या इंटरनेट वापरावर नजर ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या 354-ड मध्ये होता. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून नकार एकदाच, थोडक्यात आणि लेखी द्यावा. ‘सध्या नको’, ‘बघू नंतर’ अशी वाक्यं त्यात नसावीत. त्यानंतर उत्तर देऊ नये. चाळिसाव्या कॉलला वैतागून ‘कशाला त्रास देतोस?’ म्हणणं हीसुद्धा मावशीची फेरीच ठरते, कारण चाळीस कॉल केले की आवाज ऐकू येतो हे त्याला कळतं. मेसेज मात्र डिलीट करू नका. तारीख, वेळ आणि नंबर दिसतील असे स्क्रीनशॉट ठेवा आणि घरातल्या किंवा ऑफिसमधल्या एका व्यक्तीला सांगून ठेवा.

गप्प राहून भडका विझेल ही अपेक्षा प्रत्येक ठिकाणी लागू होत नाही. धमकी, आत्महत्येचा इशारा, घरापर्यंत येणं किंवा पूर्वीची मारहाण यातलं काहीही असेल, तर वाट पाहू नये. 112 वर पोलिसांची आणि 181 वर महिला हेल्पलाइनची मदत मिळते. आत्महत्येचा इशारा आल्यास स्वतः भेटायला धावण्याऐवजी त्याच्या घरच्यांना आणि 112 ला लगेच कळवावं. त्यामुळे त्याच्यापर्यंत मदत पोहोचते आणि तुम्हाला त्या खोलीत परत जावं लागत नाही.