ड्युटेरॉनाची बंधन-ऊर्जा: १९३४ चे मापन व त्याचा अर्थ

ट्रॉम्बे येथील ध्रुव अणुभट्टी १९८५ साली सुरू झाली. तिच्यात जड पाणी वापरलेले आहे. अशा भट्टीतील विखंडन थांबविले, तरी तीत काही काळ क्षीण न्यूट्रॉन-प्रवाह चालूच राहतो. विखंडनातून उरलेल्या द्रव्यांचे प्रखर गॅमा किरण जड पाण्यातील ड्युटेरॉन फोडतात आणि त्यांतील न्यूट्रॉन सुटे होतात, हे त्याचे एक कारण होय. मात्र २.२२५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट (यापुढे एमईव्ही) याहून कमी ऊर्जेच्या किरणास हे साधत नाही. ही मर्यादा प्रथम केंब्रिज येथे मोजली गेली.

जर्मनीतून आलेला तरुण विद्यार्थी मॉरिस गोल्डहाबर आणि न्यूट्रॉनचे संशोधक जेम्स चॅडविक यांनी १९३४ साली आयनीकरण-कोष्ठात जड हायड्रोजन भरून त्यावर थोरियम-कुळातील २.६२ एमईव्हीचे गॅमा किरण सोडले. प्रोटॉनांचे धक्के नोंदले गेले. रेडियमच्या किरणांनी मात्र तसा परिणाम दिसला नाही. प्रोटॉनाची ऊर्जा सुमारे पाव एमईव्ही भरली. न्यूट्रॉनाचे वस्तुमान प्रोटॉनाइतकेच असल्याने त्याच्या वाट्यासही तेवढीच ऊर्जा येणार. म्हणजे २.६२ मधून अर्धा एमईव्ही वजा जाता बंधन-ऊर्जा सुमारे २.१ उरते. आजच्या मूल्याच्या ती किती जवळ आहे, हे सांगावयास नको. त्याच हिशेबातून न्यूट्रॉन हा हायड्रोजनच्या अणूहून जड ठरला. तो प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांचा संयोग असावा, ही कल्पना त्यामुळे फारशी टिकण्याजोगी राहिली नाही.

परंतु २.२ हा आकडा विलक्षण लहान आहे. हेलियमच्या अणुगर्भात चार कण असून त्यांचा बंध २८ एमईव्हीचा आहे. मग दोन कणांमधील बल दुबळे मानावयाचे काय? तसे नव्हे. विग्नर यांनी १९३३ मध्येच दाखविले होते, की बल जबर पण अत्यल्प पल्ल्याचे असेल तर असेच घडेल. अरुंद जागेत कोंडलेल्या कणाची गतिज ऊर्जा फार वाढते आणि आकर्षणाचा बहुतेक लाभ तीच खाऊन टाकते. बलाचा प्रदेश २.१ फर्मी त्रिज्येचा, सपाट तळाच्या खड्ड्यासारखा मानून गणित केले, तर एकही बद्ध अवस्था असण्यासाठी खड्ड्याची खोली निदान २३ एमईव्ही लागते. मोजलेला बंध मिळण्यास ती सुमारे ३४ हवी. म्हणजे चौतीसांतून पदरी पडतात ते जेमतेम सव्वादोन. परिणामी दोन्ही कण निम्म्याहून अधिक काळ बलाच्या पल्ल्याबाहेरच असतात.

ही खोली ज्या अवस्थेची आहे, तीत दोन्ही कणांची परिवलने समांतर असतात. तेवढेच बल सर्वत्र धरले, तर मंद न्यूट्रॉनांच्या प्रोटॉनांवरील विकिरणाचा काटछेद चार बार्नांच्या आसपास यावा. मापन मात्र सुमारे २० वर स्थिरावले. ही तफावत विरुद्ध परिवलनांच्या अवस्थेतून येते, असे विग्नर यांनी १९३५ च्या सुमारास सुचविले. चारांपैकी एका आघातात येणाऱ्या या अवस्थेचा काटछेद त्यासाठी ७० बार्नांच्या घरात लागतो. पण ती बद्ध की अबद्ध, हे या आकड्यावरून कळत नाही. श्विंगर व टेलर यांनी १९३७ मध्ये त्यावर तोड काढली: ऑर्थो व पॅरा हायड्रोजनवरील विकिरणांची तुलना करावी, रेणूतील दोन प्रोटॉनांपासून येणाऱ्या तरंगांच्या संयोगातून चिन्ह उघड होते. ते ऋण निघाले. अवस्था अबद्ध ठरली. पूर्वीचीच रुंदी मानल्यास या अवस्थेतील खड्डा सुमारे २२ एमईव्ही खोल येतो. उणीव एवढीच, पण पुरेशी.

येथून पुढचा प्रश्न जवळजवळ आपोआप सुटतो. दोन न्यूट्रॉन किंवा दोन प्रोटॉन एकसारखे कण असल्याने, कक्षीय कोनीय संवेग शून्य असताना पाउली यांच्या अपवर्जन तत्त्वानुसार त्यांची परिवलने विरुद्धच असली पाहिजेत. ज्या अवस्थेत ड्युटेरॉन बांधला जातो, ती त्यांना मुळी वर्ज्यच आहे. उरलेल्या अवस्थेत अणुगर्भीय बल जवळपास तेवढेच, म्हणजे अपुरेच, पडते. प्रोटॉनांच्या बाबतीत विद्युत्-प्रतिसारण आणखी आड येते. तेव्हा द्विप्रोटॉन केवळ विद्युत्-प्रतिसारणामुळे टिकत नाही, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. द्विन्यूट्रॉनास तर तेही लागू पडत नाही.

समांतर अवस्थेसच हे झुकते माप का, याचा धागा १९३९ मध्ये राबी यांच्या प्रयोगशाळेत सापडला. तेथे केलॉग, रॅम्झी व झकारियस यांच्यासह केलेल्या मापनात ड्युटेरॉनास विद्युत् चतुर्ध्रुव-आघूर्ण आढळले. म्हणजे तो नेमका गोल नसून परिवलनाच्या दिशेने किंचित लांबट आहे. केवळ अंतरावर अवलंबून असणारे बल हे घडवू शकत नाही. परिवलने व कणांना जोडणारी रेषा यांच्यातील कोनावर अवलंबून असणारा प्रदिश स्वरूपाचा अंशही बलात हवा. विरुद्ध परिवलनांच्या अवस्थेत त्याचा प्रभाव शून्य असतो. समांतर अवस्थेत तो कक्षीय संवेग दोन एकके असलेल्या अवस्थेचा काही टक्के अंश मिसळतो आणि त्या मिश्रणातूनच बंधास लागणारे जादा आकर्षण मिळते.