अवकाश कचरा
निकामी उपग्रह, रॉकेटचे वापरून झालेले टप्पे आणि त्यांचे तुकडे यांना अवकाश कचरा म्हणतात. निम्न भूकक्षेत हे तुकडे सेकंदाला सुमारे ७.५ किलोमीटर वेगाने फिरतात. त्यामुळे लहानसा तुकडाही उपग्रह निकामी करू शकतो. १० फेब्रुवारी २००९ रोजी सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर इरिडियम ३३ व कॉसमॉस २२५१ हे उपग्रह एकमेकांवर आदळले. त्यातून निर्माण झालेल्या हजारो तुकड्यांमुळे पुढील टकरींचा धोका वाढला.

हा कचरा मुख्यत्वे विरळ वातावरणच हटवते. हवेच्या रोधाने तुकड्याची ऊर्जा घटते व कक्षा खालावते. खाली हवा अधिक दाट असल्याने घसरण आणखी वाढते. ४०० किलोमीटरवरील तुकडा बहुधा काही वर्षांतच खाली येतो, तर ८०० किलोमीटरवरील तुकड्यास शतकेही लागू शकतात.

खाली येणारे सारेच जळून जात नाही. २ एप्रिल २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी (ता. सिंदेवाही) येथे धातूचे मोठे कडे पडले. ते फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रक्षेपित झालेल्या चिनी चांग झेंग ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष मानले जातात. हा टप्पा लंबवर्तुळाकार कक्षेत होता. अशा कक्षेत वस्तू पृथ्वीजवळून जाताना दर फेरीला थोडी ऊर्जा गमावते आणि तिचा दूरचा बिंदू हळूहळू जवळ येत जातो.