अनुवादातील कृत्रिम कर्मणी रचना

इंग्रजी कर्मणी वाक्याचा शब्दशः अनुवाद केल्यास मराठीत 'द्वारे' व 'गेला' यांची कृत्रिम जोडी येते. उदाहरणार्थ, 'हा पूल गावकऱ्यांद्वारे बांधला गेला'. मराठीत सकर्मक क्रियापदाचे भूतकाळी रूप सामान्यतः कर्माच्या लिंगवचनाप्रमाणेच बदलते (पूल बांधला, शाळा बांधली). त्यामुळे कर्त्याला 'ने' किंवा 'नी' प्रत्यय लावून 'गेला' वगळणे पुरेसे असते: 'हा पूल गावकऱ्यांनी बांधला'. 'पूल' आरंभीच राहिल्याने मूळ वाक्याचा रोखही टिकतो. 'गावकऱ्यांनी हा पूल बांधला' असे लिहिल्यास वाक्य गावकऱ्यांविषयीचे होते. मुळात कर्ता दिलेला नसल्यास 'पूल बांधण्यात आला' ही रचना योग्य ठरते. तेथे पदरचा कर्ता घालू नये. 'टपालाद्वारे' यासारखा साधनवाचक 'द्वारे' मात्र तसाच ठेवावा.