थर्मोस्टॅटिक रेडिएटर व्हॉल्व्ह : अडकलेली पिन

युरोपातील घरांत गरम पाण्याच्या रेडिएटरवर बसवलेल्या आपोआप चालणाऱ्या व्हॉल्व्हमधील नेहमीचा बिघाड. पिन खाली रुतली तर रेडिएटर थंडगार राहतो. वर अडकली तर आकडा कितीही कमी केला तरी तो तापतच राहतो.

व्हॉल्व्हचे दोन भाग असतात. वरच्या आकडेवाल्या टोपीत मेण किंवा द्रव भरलेली डबी असते. खोली तापली की त्यातील पदार्थ फुगतो आणि पिन खाली दाबतो. पिनेच्या टोकाची रबरी चकती पाण्याची वाट बंद करते. खोली गार झाली की दाब ओसरतो. पण पिन वर उचलण्याचे काम टोपी करत नाही, ते व्हॉल्व्हच्या अंगातील स्प्रिंग करते. ही स्प्रिंग फार जोरकस नसते. उन्हाळाभर टोपी बंदवर राहिली की चकती बैठकीला चिकटते, पिनेभोवती क्षार आणि गंज साचतो आणि स्प्रिंगला ती सोडवत नाही. म्हणूनच ही तक्रार बहुधा ऑक्टोबरमध्ये, हीटिंग पहिल्यांदा सुरू करताना येते.

समजा, घरातील बाकीचे रेडिएटर तापले आहेत आणि झोपण्याच्या खोलीतला एकच गार आहे. व्हॉल्व्हपर्यंतचा पाइप गरम आणि पुढे सगळे गार असेल, तर पिनेवर संशय घ्यावा. मात्र दुसऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह उघडा आहे ना, हे आधी पाहावे. रेडिएटर खाली गरम आणि वर गार असेल तर आत हवा अडकली आहे, पिनेचा दोष नाही. टोपी 5 वर फिरवावी, म्हणजे पिनेवरचा दाब निघतो, आणि मग तिची कडी सैल करून ती काढावी. त्यासाठी पाणी उपसावे लागत नाही. उघडी पडलेली पिन पान्याच्या सपाट बाजूने सरळ दाबावी. चांगली पिन काही मिलिमीटर आत जाते आणि आपणहून परत येते. रुतलेली पिन जागची हलत नाही. अशा वेळी पिनेच्या मुळाशी थोडा सिलिकॉन स्प्रे मारून व्हॉल्व्हच्या अंगावर बाजूने हलके ठोके द्यावेत. पिन हलू लागली की ती मोकळेपणी उसळेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावी. पकडीने ओढण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा: काही व्हॉल्व्हमध्ये पिन उपसून येते आणि गरम पाण्याची चिळकांडी उडते.

सतत तापणाऱ्या रेडिएटरचे निदान याच पिनेवरून होते. हाताने दाबल्यावर ती आत जाऊन रेडिएटर गार होत असेल तर दोष टोपीत आहे. नवी टोपी पुरते. पिन नीट आत जाऊनही पाणी वाहत राहिले तर बैठकीत कचरा अडकला आहे किंवा चकती झिजली आहे, आणि तिथे प्लंबर बोलवावा.

उन्हाळ्यात टोपी पूर्ण उघडी ठेवली तर चकती बैठकीपासून दूर राहते. काही इलेक्ट्रॉनिक टोप्या तर आठवड्यातून एकदा पिन स्वतःच खालीवर करतात.