आगाऊ वर्गणी (हिशेबातील नोंद)

नियतकालिकाची वर्षाची वर्गणी एकदम हाती येते, पण अंक महिन्यामहिन्याने द्यायचे असतात. न दिलेल्या अंकांची रक्कम तोवर वाचकांचे देणे असते. ती ताळेबंदात दायित्वाच्या बाजूस दाखवतात आणि अंक निघेल तसतशी उत्पन्नात घेतात. भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या लेखांकन मानक ९ (१९८५) मध्ये वर्गणीचा स्वतंत्र उल्लेख आहे: अंक सारख्या मोलाचे असतील तर उत्पन्न समान भागांत विभागावे, नसतील तर विक्रीमूल्याच्या प्रमाणात. मराठी मासिकाला हा दुसरा भाग नेमका लागू पडतो, कारण दिवाळी अंक इतर अंकांपेक्षा कितीतरी महाग असतो.

उदाहरणादाखल, चंद्रपूरहून निघणाऱ्या एका मासिकाची वर्गणी ६०० रुपये धरू. १ सप्टेंबरला २०० वर्गणीदारांचे १,२०,००० रुपये आले. त्या दिवशीची नोंद अशी: बँक खाते नावे, आगाऊ वर्गणी खाते जमा. उत्पन्न अजून शून्य.

साध्या अंकाची सुटी किंमत ५० आणि नोव्हेंबरच्या दिवाळी अंकाची २५० रुपये असेल, तर अकरा साधे अंक आणि एक दिवाळी अंक मिळून ८०० होतात. वाचकाने ६०० दिले, म्हणजे तीन चतुर्थांश. म्हणून साध्या अंकाचे ३७.५० आणि दिवाळी अंकाचे १८७.५० रुपये धरायचे. दर महिन्याला आगाऊ वर्गणी खाते नावे व वर्गणी उत्पन्न खाते जमा, रक्कम ७,५००. फक्त नोव्हेंबरात ३७,५००. ३१ मार्चपर्यंत सात अंक गेले, उत्पन्न ८२,५०० झाले आणि पाच साध्या अंकांचे ३७,५०० देणे उरले. समान वाटणीने हेच देणे ५०,००० दिसले असते. दिवाळी अंकाचा मोठा छपाईखर्च नोव्हेंबरात पडतो, तेव्हा त्याचे उत्पन्नही त्याच महिन्यात यायला हवे. इथे समान वाटणी सोयीची असली तरी चुकीचीच.

नोंद महिना संपला म्हणून करायची नसते, अंक टपालात पडला म्हणून करायची असते. जुलैचा अंक निघालाच नाही, तर त्या महिन्यात उत्पन्नही नाही. अंक वेळेवर रवाना झाला, पण पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता बंद होऊन उशिरा पोहोचला, तर मात्र नोंद बदलण्याचे कारण नाही. हरवलेला अंक पुन्हा पाठवला तर तो खर्च.

नेहमीची चूक म्हणजे सगळी वर्गणी सप्टेंबरातच उत्पन्नात टाकणे. मग या वर्षी नफा फुगतो आणि पुढच्या एप्रिल ते ऑगस्ट नुसता छपाई-टपालाचा खर्च दिसतो. ती ३१ मार्चलाही सुधारता येते: वर्गणी उत्पन्न नावे, आगाऊ वर्गणी जमा, ३७,५०० रुपये.

पडताळणीसाठी वर्गणीदारांची वही पुरते. प्रत्येक नावापुढे शेवटचा देय अंक लिहावा, उरलेल्या अंकांची रक्कम काढून बेरीज करावी. ती खात्यातील शिलकेशी जुळली नाही, तर एखादी वर्गणी थेट उत्पन्नात गेली आहे किंवा एखाद्या महिन्याची नोंद राहिली आहे. रोख पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्या लहान प्रकाशकाला ही खातेनोंद लागत नाही. वही मात्र त्यालाही ठेवावी लागते.