मीटिंगमुक्त दिवस व सामाईक तास

हायब्रिड कार्यालयातील वेळापत्रकाचे दोन जोडनियम. आठवड्यातला एक ठरावीक दिवस अंतर्गत मीटिंगांपासून मोकळा ठेवणे हा पहिला. उरलेल्या दिवशी सर्वांनी एकाच वेळी उपलब्ध असण्याचे तास ठरवणे हा दुसरा. या सामाईक तासांना ‘कोअर अवर्स’ म्हणतात.

सामाईक तासांची कल्पना जुनी आहे. म्युनिकजवळच्या ओटोब्रुन येथील विमान कारखान्यात १९६७ साली येण्याजाण्याच्या लवचीक वेळा सुरू झाल्या, तेव्हा मधले काही तास सर्वांना बंधनकारक होते. मीटिंगमुक्त दिवस अलीकडचा. शॉपिफाय या कॅनडातील कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये बुधवार मोकळा केला. त्याबरोबरच तीन किंवा अधिक जणांच्या, ठरलेल्या दिवशी पुन्हापुन्हा होणाऱ्या मीटिंगा कॅलेंडरवरून काढून टाकल्या. यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. मीटिंगा कमी न करता दिवस मोकळा केला, तर पाच दिवसांचा भार चार दिवसांवर पडतो आणि मंगळवार-गुरुवारी जेवायलाही उसंत उरत नाही.

सामाईक तास ठरवताना खरी कसोटी घड्याळाची असते. समजा, टीम पुणे आणि लंडनमध्ये विभागलेली आहे आणि पुण्याच्या दुपारी २ ते ५ या वेळा ठरल्या. उन्हाळ्यात लंडनला तेव्हा सकाळचे ९:३० ते १२:३० असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळे तासभर मागे जातात, आणि तेच तास तिथे ८:३० ते ११:३० होतात. मुलांना शाळेत सोडणारे पहिल्या अर्ध्या तासात गळतात. म्हणून २:३० ते ५:३० ठेवणे बरे: लंडनला हिवाळ्यात ९ ते १२, उन्हाळ्यात १० ते १ पडतात. पुण्यातल्यांची सकाळ सलग कामाला उरते, आणि संध्याकाळच्या गर्दीत घरी जाताना कोणाला कानाला हेडफोन लावून बसावे लागत नाही. हे तास मीटिंगांनी भरायचे नसतात. विचारले तर लगेच उत्तर मिळेल, एवढीच त्यांची हमी असते.

मोकळा दिवस शक्यतो घरून कामाच्या दिवशी ठेवावा. सगळे प्रवास करून कार्यालयात येतात त्याच दिवशी मीटिंगांना बंदी घालणे उलटे आहे. समोरासमोर बोलायला तोच दिवस सोयीचा असतो.

नियम ढिला पडतो तो अपवादांमुळे. ‘फक्त पंधरा मिनिटे’ अशी आमंत्रणे बहुधा वरिष्ठांकडून येतात, आणि ती नाकारण्याची हिंमत कनिष्ठांना नसते. मोकळ्या दिवशी किती आमंत्रणे आली आणि ती कोणी पाठवली, हे महिन्यातून एकदा कॅलेंडरवर मोजले की घसरण दिसते. ग्राहकांशी बोलणारे आणि यंत्रणा बंद पडल्यावर धावणारे यांना मात्र हा दिवस आळीपाळीनेच देता येतो.